किमान ३.२ गिगाहर्ट्झ

आमच्या घरी बाजारातून मासळी मी आणायची नाही, हे ठरून बरीच वर्षं झाली. मी वाट्याचा भाव किलोवर काढायला जातो, एवढंच त्याचं कारण. मालवणच्या बाजारात बांगड्यांचे वाटे लावून ठेवलेले असतात आणि बाई सांगते तो दर त्या वाट्याचा. एकदा मी खिशात स्प्रिंगचा लहानसा काटा घेऊन गेलो. दोन वाटे तोलून तिसऱ्याला हात घातला, तेव्हा मासळीवालीने पाटी ओढून घेतली आणि शांतपणे म्हणाली, "भावजी, तुमी चिकन खावा." मी घरी पोचायच्या आत ही गोष्ट घरी पोचली होती.

असल्या माणसाला मासळी आणायला पाठवत नाहीत, पण शाळेच्या खरेदी समितीवर मात्र आग्रहाने घेतात. मी कणकवलीला एका सहकारी संस्थेत हिशेब पाहतो. गाव मालवणजवळ किनाऱ्याला, शाळा गावातली. मी तिथेच शिकलो, म्हणून समितीवर नाही म्हणता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला नाही म्हणायचंही नव्हतं. "आकड्यांचं तुमच्याइतकं कोणाला कळतं?" असं मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, तेव्हा मी मान खाली घातली, पण ती लाजून नव्हे. हसू लपवायला.

शाळेला संगणक घ्यायचे होते, वीस. पैसे गावच्या मुंबई मंडळाचे, म्हणजे नोकरीधंद्यासाठी मुंबईला गेलेल्या आमच्याच माणसांनी जमवलेले. बाईंनी आधी आपल्या पद्धतीने तीन दुकानांकडून दर मागवले होते. पत्रात एकच ओळ होती: "चांगल्या प्रतीचे वीस संगणक पुरवावेत." तिघांनी चांगल्या प्रतीचा आपापला अर्थ लावला. एकाच्या दरात मॉनिटर नव्हता. दुसऱ्याच्या दरात जीएसटी नव्हता. तिसऱ्याने टेबल-खुर्च्याही धरल्या होत्या आणि म्हणून तो सगळ्यांत महाग दिसत होता. मुंबई मंडळाच्या कार्यवाहांनी ते कागद बघून फोन केला. "बाई, ही तुलना कशी करायची? एकाने आंबा दिलाय, दुसऱ्याने कलम आणि तिसऱ्याने बाग. रीतसर टेंडर काढा."

त्यांनी आणखी एक सांगितलं. मे महिन्यात मंडळाची वार्षिक सभा होती. तोवर खरेदीचा आदेश निघाला तर ठीक, नाहीतर हा निधी शाळेच्या रंगमंचाकडे वळवायचा, अशी काही सभासदांची मागणी होती. आणि संगणकांची प्रयोगशाळा झाली नाही, तर संगणक शिकवणाऱ्या शिक्षिकेचं मानधनही पुढे चालू ठेवता येणार नव्हतं, कारण ते त्याच योजनेतून जात होतं.

ही शिक्षिका आमच्याच गावची. दोन वर्षं ती तीन जुन्या संगणकांवर चाळीस-चाळीस मुलांना शिकवत होती. एक संगणक चालू, एक कधीमधी चालू आणि एक उघडून आतलं दाखवायला. तिला कुडाळच्या एका खासगी क्लासकडून बोलावणं आलं होतं. मेपर्यंत कळवते, असं तिने त्यांना सांगून ठेवलं होतं. तिने हे बाईंना सांगितलं, बाईंनी मला. म्हणजे माझ्या टेंडरवर एका माणसाची नोकरी लटकलेली आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी पुढेही कधी म्हणू शकलो नाही.

मी कामाला लागलो. स्पेसिफिकेशन, म्हणजे काय हवं त्याचं नेमकं वर्णन, हा टेंडरचा कणा. माझं तत्त्व साधं होतं. जे मोजता येत नाही ते लिहायचं नाही. "वेगवान", "टिकाऊ", "नामांकित" हे शब्द हद्दपार. कुठल्याही कंपनीचं नाव लिहायचं नाही, कारण नाव लिहिलं की तुलना संपली आणि ओळखदेख सुरू झाली. प्रत्येक गोष्टीपुढे "किमान" आणि एक आकडा. मेमरी किमान आठ जीबी. एसएसडी किमान दोनशे छप्पन्न जीबी. मॉनिटर किमान एकवीस इंच. वॉरंटी तीन वर्षं, दुरुस्ती शाळेत येऊन. दर सर्व कर, वाहतूक आणि जोडणी धरून. एवढं सगळं मी बरोबर लिहिलं होतं, हे आजही म्हणतो. मला आधार म्हणून तेवढंच उरलं आहे.

मग प्रोसेसर आला. संगणकाचा मेंदू तो, असं मुलांच्या पुस्तकात असतं. त्याच्या वेगाला आकडा हवा. मी माहितीपत्रकं पाहिली, तर प्रत्येकात एक आकडा ठळक दिसला, गिगाहर्ट्झ. मला बरं वाटलं. सरळ मोजमाप, दशांश चिन्हासकट. मोठा आकडा म्हणजे जास्त वेग, असं मी धरून चाललो. माझ्या कार्यालयातल्या संगणकावर ३.२ दिसत होता आणि तो संगणक मला कधी कमी पडला नव्हता. शाळेच्या मुलांना माझ्याहून कमी का द्यायचं? मी लिहिलं, "प्रोसेसरचा मूळ वेग किमान ३.२ गिगाहर्ट्झ." त्या ओळीकडे मी थोडा वेळ बघत बसलो. सुंदर ओळ होती.

माझा कार्यालयातला संगणक कधी कमी पडला नाही, कारण मी त्यावर फक्त बेरजा करतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मसुदा समितीपुढे वाचायचा दिवस आला. समितीचे अध्यक्ष म्हणजे बोटीवर इंजिनात आयुष्य काढून आलेले आमचे काका. काका नात्याने नव्हे, गावाने. माझा मसुदा चौदा पानी झाला होता, कारण प्रत्येक पळवाट बुजवायची होती. पुरवठादाराने माल उशिरा दिल्यास, अर्धा दिल्यास, दिला पण जोडला नाही तर, जोडला पण चालला नाही तर. मी कलम वाचायचो, थांबायचो, पुढचं कलम वाचायचो. तिसऱ्या पानावर काकांनी डोळे मिटले आणि हात जोडले.

"रे," ते म्हणाले, "ह्यां टेंडर आसा की गाऱ्हाणां?"

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा असंच असतं. वाटेचं, घाटेचं, जाणत्याचं, अजाणत्याचं, जे काही चुकलं-माकलं असेल ते सगळं नाव घेऊन सांगायचं, म्हणजे देवाला नंतर बोलायला जागा राहत नाही. आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी साथ द्यायची.

मी पुढचं कलम वाचलं. "पुरवठादाराने जोडणीनंतरचा कचरा स्वखर्चाने उचलून नेला पाहिजे."

"व्हय म्हाराजा," काका म्हणाले.

"काही कारण न देता सर्व निविदा रद्द करण्याचा अधिकार समितीने राखून ठेवला आहे."

"व्हय म्हाराजा," आता बाईंनीही साथ दिली. त्या ख्रिस्ती, पण गाऱ्हाण्याची लय गावात कोणाला ठाऊक नसते? शिक्षिका वहीआड तोंड लपवून हसत होती. मीच तेवढा गंभीर होतो. मसुदा एकमताने मंजूर झाला, आणि तो कोणीच नीट ऐकला नव्हता, हे मला त्या वेळी मानाचं वाटलं.

निविदा निघाली. पद्धत दोन लिफाफ्यांची. एका लिफाफ्यात काय देणार त्याचा तपशील, दुसऱ्यात दर. आधी तपशिलाचा लिफाफा उघडायचा. जो अटींत बसेल त्याच्याच दराचा लिफाफा उघडायचा, जो बसणार नाही त्याचा न उघडता परत. म्हणजे स्वस्त दर बघून कोणाचा जीव विरघळत नाही. हे मी बाईंना समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्याकडे मुलीसाठी स्थळं अशीच बघितली असती तर बरं झालं असतं."

निविदा भरायची मुदत चालू असताना एका संध्याकाळी आमच्या गेटशी मोटरसायकल थांबली. कणकवलीचा संगणकवाला. माझ्या ओळखीचा, आमच्या संस्थेचं काम करणारा, हसऱ्या तोंडाचा माणूस. हातात पिशवी होती. मी झाडांना पाणी घालत होतो. मी गेटपर्यंत गेलो, पण कडी काढली नाही.

"साहेब, जरा टेंडराचां बोलूचां होतां."

"टेंडर चालू असताना मी कोणत्याही निविदाधारकाशी बोलत नाही," मी शुद्ध मराठीत म्हणालो. शुद्ध मराठी बोलायला लागलो की मी कार्यालयात असतो, मग पायाखाली चिखल असला तरी.

"पाच मिनटां. एका अटीचां..."

"अटी लेखी आहेत. सर्वांना सारख्या आहेत."

"तांच तर..."

"क्षमा करा," मी म्हणालो, आणि त्याच्या पिशवीकडे सूचक नजर टाकली. तो पिशवीकडे बघून थोडा गोंधळला. मग मोटरसायकल वळवून गेला. त्या पिशवीत काय होतं ते मला नंतर कळलं. त्याच्या मुलाच्या चपला होत्या, दुरुस्तीला टाकायच्या.

बायको पडवीत उभी होती. "त्या बिचाऱ्याक गेटाभायर उभो केल्यात. पाणी तरी इचारूचां होतां."

"पाणीसुद्धा नाही," मी म्हणालो. "हे सगळं पाण्यापासूनच सुरू होतं."

"तुमचां काय सुरू होवचां नाय," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवशी मला फार स्वच्छ वाटलं होतं, हे कबूल करायला हवं. मी रात्रभर स्वतःवर खूश होतो. निविदाधारकाला शंका असेल तर ती त्याने लेखी कोणाकडे द्यायची, कधीपर्यंत द्यायची आणि तिचं उत्तर सगळ्यांना कसं कळवायचं, याचं एक साधं कलम माझ्या चौदा पानांत कुठेच नव्हतं. कचरा कोणी उचलायचा ते होतं.

तीन निविदा आल्या. एक कणकवलीवाल्याची, एक कोल्हापूरच्या कंपनीची, एक मुंबईच्या एका फर्मची, जिचं नाव आम्ही कोणी ऐकलं नव्हतं. उघडायच्या दिवशी शाळेच्या शिक्षक-खोलीत आम्ही चौघे बसलो. निविदाधारकांना हजर राहायची मुभा होती. कणकवलीवाला आला होता, कोल्हापूरचा एक तरुण प्रतिनिधी आला होता. मुंबईहून कोणी नव्हतं. प्रत्येक लिफाफ्याच्या तोंडावर आम्ही चौघांनी सह्या केल्या. मी तुलनेचा तक्ता आधीच आखून आणला होता. डावीकडे माझ्या अटी, वर तिघांची नावं, आणि प्रत्येक चौकोनात फक्त "होय" किंवा "नाही". यात माणसाचं मत शिरायला फटच नव्हती.

कणकवलीवाल्याचे चौकोन भरत गेलो. मेमरी होय. एसएसडी होय, मागितली त्याच्या दुप्पट. मॉनिटर होय. प्रोसेसर: बाराव्या पिढीचा, अगदी अलीकडचा, मूळ वेग २.५. मी थांबलो. २.५ हे ३.२ पेक्षा कमी असतं, यावर माझी आयुष्यभराची श्रद्धा. "नाही."

कोल्हापूर. सगळं होय. प्रोसेसर तसाच, मूळ वेग २.५. "नाही."

मुंबई. मेमरी होय. एसएसडी होय. प्रोसेसरचा मूळ वेग ३.४. "होय." सगळे चौकोन होय.

"म्हणजे दोघे बाद?" बाईंनी विचारलं.

"अटीप्रमाणे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच जरा बारीक वाटला.

शिक्षिकेने मुंबईच्या निविदेचं पान आपल्याकडे वळवून घेतलं होतं. ती म्हणाली, "सर, हा प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीचा आहे. हे संगणक कुठल्या तरी ऑफिसात वापरून झालेले असणार. इथे बारीक अक्षरात लिहिलंय बघा, रिफर्बिश्ड."

"पण वेग जास्त आहे ना?" मी विचारलं.

तेव्हा भिंतीशी बसलेला कणकवलीवाला पुढे वाकला. "साहेब, तांच सांगूक इल्लंय तुमच्याकडे. गिगाहर्ट्झ वेगळ्या पिढ्यांत असो नाय मोजत. जुनो जोरात पळता, पण एका दमात एक काम. नवो हळू दिसता, पण त्येका कोअर, म्हणजे काम करणारे हात, जास्त, आणि एका फेऱ्यात कितीतरी काम करता. शिवाय गरज पडली तर आपसूक वेग वाढयता. मूळ वेगाच्या आकड्यावर धरलंत तर आज बाजारातले चांगले चांगले बाद होतत. तुमी गेट उघडूक नाय."

कोल्हापूरचा मुलगा मान खाली घालून मोबाईलकडे बघत होता, पण त्याच्या मोबाईलचा पडदा काळा होता.

मी माझे कागद पुन्हा चाळले. "नवीन, न वापरलेले" हे दोन शब्द कुठेही नव्हते. वॉरंटी तीन वर्षं लिहिली होती, पण ती उत्पादक कंपनीची की विकणाऱ्याची, ते नव्हतं. मुंबईवाल्याने स्वतःचीच वॉरंटी दिली होती. त्याने फसवलं नव्हतं. मी जे मागितलं ते त्याने दिलं होतं, काटेकोर. सगळ्या जगातले जुने संगणक आपल्याकडे यावेत म्हणून एखाद्याने टेंडर लिहायचं ठरवलं असतं, तर ते माझ्याहून चांगलं लिहिता आलं नसतं.

पुरवठादारांना बाहेर व्हरांड्यात बसवून आम्ही आत बोलायला लागलो.

"ह्याच्यात काय आसा?" काका म्हणाले. "ती अट काढून टाक. दोघांचे दर उघड. स्वस्त तो घे. मुंबईवाल्याक कळव, जुनी भंगारां आमका नको."

"तसं करता येणार नाही," मी म्हणालो. "कोणाचं काय आहे ते बघितल्यावर अट बदलायची म्हणजे ज्याला हवं त्याला आत घेण्यासारखं झालं. आणि ही अट वाचून ज्यांनी निविदाच भरली नाही, त्यांचं काय? त्यांना आपण कसं सांगणार की ती अट खरी नव्हती?"

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांचे दराचे लिफाफे न उघडता परत. निविदा रद्द. दुसरी काढायची."

काकांनी चष्मा काढला. "चूक तुझी, आणि शिक्षा पोरांक?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मंडळाची सभा जवळ आली होती. पहिलं टेंडर काढून, भरून, उघडून जेवढे दिवस गेले तेवढे आता उरले नव्हते. मी शिक्षिकेकडे बघितलं नाही. तीच बोलली.

"काका, हे वापरलेले वीस घेतले तर दोन वर्षांत मी परत उघडून आतलं दाखवायच्या कामाला लागेन. आणि अट बदलून घेतले तर उद्या मंडळवाले विचारतील. मला कुडाळला जायचं तर जाईन. पण सर म्हणतात ते करा." मग म्हणाली, "फक्त या वेळी लिहून झाल्यावर कोणाला तरी दाखवा."

"कोणाला?"

"कोणालाही."

मुंबईला फोन मीच केला. बाईंनी करते म्हटलं होतं, पण मी त्यांच्या हातून फोन घेतला. कार्यवाहांना सगळं सांगितलं, माझी अट, माझं गेट, सगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लिफाफे उघडले का? दराचे?"

"नाही."

"मग वाचलात. उघडले असते तर पुढच्या वेळी प्रत्येकाला दुसऱ्याचा दर माहीत असता. कमी मुदतीची निविदा काढा. सभा पुढे ढकलता येणार नाही. त्या दिवशी आदेश माझ्या हातात हवा."

तेव्हा मला कळलं की माझ्या चौदा पानांतलं सर्वांत उपयोगी कलम म्हणजे "काही कारण न देता रद्द करण्याचा अधिकार", ज्याला सगळ्यांनी हात जोडून साथ दिली होती. आम्ही तरी कारण दिलं. तिघांना सारखं पत्र गेलं: अटींमध्ये त्रुटी असल्याने निविदा रद्द, दराचे लिफाफे न उघडता सोबत परत. "त्रुटी" हा शब्द मी तीनदा खोडून तीनदा लिहिला.

नवीन मसुदा तीन पानांचा झाला. संगणक नवीन, न वापरलेले, उत्पादकाच्या विक्रीत आजही चालू असलेले. वॉरंटी उत्पादकाची, त्याच्या पत्रासह. प्रोसेसरसाठी गिगाहर्ट्झ काढून टाकले. त्याऐवजी एका जाहीर चाचणीचे गुण मागितले. सगळ्या प्रोसेसरना एकच ठरावीक कामं करायला लावायची आणि कोण किती करतो ते मोजायचं, अशा चाचण्या असतात, आणि त्यांचे निकाल कोणालाही बघता येतात. कुठली चाचणी, तिची कोणती आवृत्ती, किमान किती गुण, हे स्पष्ट लिहिलं. गुणांचा आकडा माझ्या कार्यालयातल्या संगणकावरून घेतला नाही. नववी-दहावीच्या मुलांना काय करायचं आहे ते शिक्षिकेला विचारलं, त्यावरून घेतला. मग प्रत्येक अटीपुढे मी स्वतःला एक प्रश्न विचारला: यात निदान तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे संगणक बसतात का? न बसले तर अट गेली. एक-दोन अटी अशा गेल्या की त्यांच्यासोबत माझा थोडा स्वभावही गेला.

दरासाठी आमचाच एक तक्ता दिला, सगळ्यांनी त्याच तक्त्यात भरायचं. जीएसटी, वाहतूक, जोडणी, तीन वर्षांची वॉरंटी सगळं आत, आणि शेवटी एकच बेरीज. अटींत बसणाऱ्यांत ज्याची बेरीज कमी त्याला काम. गुण देणं नाही, मत नाही.

आणि पहिल्याच पानावर: शंका लेखी पाठवाव्यात, अमुक तारखेपर्यंत. त्यानंतर शाळेत सर्वांसमोर एक बैठक. उत्तरं सर्वांना एकाच वेळी.

बैठकीला पाचजण आले. प्रयोगशाळेच्या रिकाम्या खोलीत, मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. कणकवलीवाला पहिल्या बाकावर.

"साहेब, आज बोलूचां मां?" त्याने विचारलं. सगळे हसले. त्याने ती हकीकत बहुतेक येतानाच सांगून टाकली होती.

"आज बोला," मी म्हणालो. "आज न बोललात तर मी नाराज होईन."

कोल्हापूरच्या मुलाने भिंतींकडे बघत विचारलं, "वीस मशीन इथेच लावायच्या? प्लगचे पॉइंट चारच दिसतात. वायरिंग कोणाकडे? आमच्याकडे धरायचं असेल तर प्रत्येकजण वेगळं धरेल."

माझ्या तीन पानांत वायरिंग नव्हतं. मी बाईंकडे बघितलं, बाईंनी काकांकडे. "वायरिंग शाळा करतली," काका म्हणाले. "अर्थिंगासकट. बोटीर माझां तांच काम होतां." मी ते जागेवरच लिहून घेतलं.

दुसऱ्याने विचारलं, चोवीस तासांत दुरुस्ती म्हणजे रविवारही धरायचा का? मी तसं लिहिलं होतं. पण कोल्हापूरहून घाट उतरून रविवारी कोण येणार? आणि तशी अट ठेवली तर ती फक्त कणकवलीवाल्याच्या सोयीची, हे त्याच्या शेजारी बसूनच मला समजलं. रविवारी शाळा बंद. कामाचे दोन दिवस केले. कणकवलीवाल्याने एक भुवई वर केली. ती मी बघितली नाही, असं दाखवलं.

सगळी उत्तरं एका पत्रात, पाचही जणांना, त्याच दिवशी गेली.

चार निविदा आल्या, चौघेही अटींत बसले. मी दराचे लिफाफे उघडायला घेतले. आता माझ्या मताला कुठेच जागा नव्हती, आणि आधी हेच मला हवं होतं, पण या वेळी मी मनातल्या मनात एका नावासाठी आशा धरून बसलो होतो. कोल्हापूरची बेरीज सर्वांत कमी निघाली. कणकवलीवाला दुसरा, फरक थोडा. काकांनी बेरजा दोनदा तपासल्या, मग मला तिसऱ्यांदा तपासायला लावल्या, जणू माझ्या हातात आल्यावर आकडे बदलतील.

कणकवलीवाला उठला, खुर्ची जागेवर लावली. मी त्याच्याबरोबर व्हरांड्यापर्यंत गेलो.

"साहेब, पयल्यात मी बाद होतंय," तो म्हणाला. "दुसऱ्यात हरलंय. बाद होण्यापेक्षा हरलेलां बरां. घरी सांगूक तरी येता." मग हेल्मेट घालता घालता म्हणाला, "कोल्हापूरवाल्यांक सांगा, दुरुस्तीक इथे माणूस लागलो तर मी आसंय. तां काय टेंडरात नाय ना?"

"नाही," मी म्हणालो. "आदेश निघेपर्यंत मात्र..."

"बोलणां नाय," तो म्हणाला, आणि गेला.

आदेश शनिवारी निघाला, सभेच्या आदल्या दिवशी. बाईंनी त्यावर सही केली, शाळेचा शिक्का मारला, मी फोटो काढून कार्यवाहांना पाठवला आणि मूळ प्रत रात्रीच्या बसने मुंबईला जाणाऱ्या गावच्या एका माणसाकडे दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यवाहांचा निरोप आला. निधी प्रयोगशाळेलाच. मानधनही पुढच्या वर्षीसाठी मंजूर. रंगमंचवाले नाराज आहेत, पण सभेत कोणीतरी विचारलं की या शाळेचं टेंडर दोनदा का काढलं, तेव्हा कार्यवाहांनी सगळी हकीकत सांगितली आणि लोक एवढे हसले की रंगमंचाचा विषय मागे पडला.

मी बाईंच्या घरी जाऊन सांगितलं. शिक्षिका तिथेच बसली होती. ती अंगणात गेली, नेटवर्क येतं त्या आंब्याच्या बुंध्याशी उभी राहिली आणि कुडाळला फोन लावला.

"नाही, येणार नाही," ती सांगत होती. "नाही, पगाराचं नाही. इथे वीस मशीन येतायत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. मग म्हणाली, "नवीन. न वापरलेले."